चार ओळींतला ॲग्रोबॅक्टेरियम

उच्च माध्यमिक जीवशास्त्राची पुस्तके, मार्गदर्शके आणि जैवतंत्रज्ञानावरचे लोकप्रिय लेख यांत ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूची हकीकत बहुधा एकाच साच्यात येते. हा जिवाणू जमिनीत राहतो. झाडाला जखम झाली की तो आपल्या प्लाझ्मिडवरचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घालतो व तेथे गाठ तयार होते. शास्त्रज्ञांनी रोगकारक जनुके काढून टाकली आणि त्यांच्या जागी उपयुक्त जनुके बसवली. म्हणून हा जिवाणू ‘निसर्गाचा जनुक-अभियंता’ होय. खाली एक आकृती असते: डावीकडे जिवाणू, उजवीकडे पेशी, मध्ये बाण.

या चार ओळींत उघड चूक अशी फारशी नाही. पण त्या वाचून विद्यार्थ्याला दोन गोष्टी कळत नाहीत. एक म्हणजे, हे सर्व ठाऊक कसे झाले. जिवाणूचा डीएनए झाडात जातो ही सत्तर वर्षांच्या शोधाची निष्पत्ती आहे, आणि मधल्या काळात चांगल्या चांगल्या प्रयोगशाळांना ती खोटी वाटत होती. दुसरी गोष्ट अधिक त्रासदायक आहे. ‘अभियंता’ हा शब्द नेमके उलटे चित्र उभे करतो. अभियंत्याला आपण काय बांधतो व कोठे बांधतो हे माहीत असते. या जिवाणूच्या यंत्रणेचे वैशिष्ट्यच असे, की नेत असलेल्या मालात काय आहे याची तिला दखल नसते आणि तो माल कोठे पडेल यावर तिचा फारसा ताबा नसतो. पहिल्या गोष्टीमुळे ती आपल्या कामी आली. दुसरीमुळे जनुकांतरित पिकांवर काम करणाऱ्यांची निम्मी मेहनत खर्च होते. साच्यातल्या हकिकतीत या दोहोंना जागा नाही.

आधी रोगाकडे पाहू. गुलाब, द्राक्ष, पीच, सफरचंद अशा झाडांच्या खोडावर, विशेषतः जमिनीलगत जेथे खोड व मूळ मिळतात तेथे, ओबडधोबड गाठी येतात. इंग्रजीत या भागाला ‘क्राउन’ म्हणतात, म्हणून रोगाचे नाव क्राउन गॉल. १९०७ मध्ये अमेरिकेत अर्विन स्मिथ व टाउनसेंड यांनी डेझीच्या गाठींमधून एक जिवाणू वेगळा केला, तो निरोगी झाडाला टोचला आणि गाठ उत्पन्न करून दाखवली. रोगाचे कारण सापडले. येथे प्रकरण संपायला हरकत नव्हती, कारण वनस्पतींचे जिवाणूजन्य रोग तेव्हा नवे नव्हते.

पण या रोगात एक विचित्र गोष्ट होती. इतर रोगांत जिवाणू मारला की रोग थांबतो. येथे तसे होते का? हा प्रश्न आर्मिन ब्राउन यांनी रॉकफेलर संस्थेच्या प्रिन्स्टन शाखेत १९४०च्या दशकात हाती घेतला. त्यासाठी त्यांनी निवडलेले झाड आपल्या प्रत्येक शाळेच्या कुंपणालगत सापडेल: सदाफुली. निवडीला कारण होते. सदाफुलीचे झाड ४६-४७ अंश सेल्सियस तापमान काही दिवस सहन करते. ॲग्रोबॅक्टेरियम त्या तापमानाला मरतो. म्हणजे झाड जिवंत ठेवून, हव्या त्या क्षणी, फक्त जिवाणू मारण्याची सोय ब्राउन यांना मिळाली. औषध नको, शस्त्रक्रिया नको. झाड उबदार कपाटात ठेवायचे, एवढेच.

त्यांनी झाडांना जखमा करून जिवाणू टोचले आणि वेगवेगळ्या मुदतींनंतर झाडे उष्णतेत नेली. सुमारे दीड दिवसाच्या आत जिवाणू मारले तर गाठ येत नव्हती. दीड दिवसाच्या सुमारास मारले तर लहान, सावकाश वाढणारी गाठ येई. दोन दिवसांनी मारले तर मध्यम, आणि तीन-चार दिवस जिवाणूंना मोकळे सोडले तर पूर्ण वाढीची गाठ येई. या शेवटच्या गाठींत जिवंत जिवाणू नव्हते, तरीही गाठ वाढत होती. ब्राउन व फिलिप व्हाइट यांनी अशी जिवाणूविरहित ऊती काचपात्रात वाढवली. सर्वसाधारण वनस्पती-ऊती काचपात्रात वाढायला माध्यमात संप्रेरके घालावी लागतात. गाठीच्या ऊतीला ती लागत नव्हती, आणि हा गुण पिढ्यान्‌पिढ्या, म्हणजे पेशीविभाजनामागून पेशीविभाजन, टिकून राहत होता.

या प्रयोगाचा अर्थ वर्गात विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा असा आहे. जिवाणू गाठ वाढवत नाही; तो झाडाच्या पेशींत एक बदल घडवतो आणि मग त्याची गरज उरत नाही. बदल घडायला ठराविक वेळ लागतो आणि झालेला बदल वारशाने पुढे जातो. म्हणजे जिवाणूकडून पेशीकडे ‘काहीतरी’ जाते. ब्राउन यांनी त्या ‘काहीतरी’ला गाठ उत्पन्न करणारे तत्त्व असे मोघम नाव दिले. ते डीएनएच आहे असे त्यांनी ठरवून टाकले नाही, आणि ते योग्यच होते. पेशीतला बदल टिकाऊ आहे एवढ्यावरून तो बाहेरून आलेल्या जनुकांमुळेच झाला असे ठरत नाही. मुळाची पेशी आणि पानाची पेशी यांतला फरकही टिकाऊ असतो, पण त्यांची जनुके सारखीच असतात.

संशयाचा काटा डीएनएकडे वळवणारा पुढचा धागा फ्रान्समधून आला. व्हर्साय येथे जॉर्ज मोरेल व त्यांच्या सहकाऱ्यांना गाठींमध्ये काही अपरिचित संयुगे सापडली होती. ऑक्टोपिन आणि नोपालिन ही त्यांतली दोन. एकत्रितपणे त्यांना ओपाइन्स म्हणतात. काही गाठींत ऑक्टोपिन सापडे, काहींत नोपालिन. कोणत्या गाठीत काय सापडेल हे कशावर अवलंबून आहे? झाडावर असेल असे प्रथम वाटावे; पण ते जिवाणूच्या वाणावर अवलंबून होते. एकाच झाडावर दोन वाणांनी दोन गाठी आणल्या तर एका गाठीत ऑक्टोपिन व दुसरीत नोपालिन मिळे, आणि जिवाणू नाहीसे झाल्यावरही मिळत राही. शिवाय ज्या वाणाने नोपालिनची गाठ आणली, तोच वाण नोपालिन खाऊन जगू शके, ऑक्टोपिनचेही तसेच. झाडाला या संयुगांचा काही उपयोग नाही. म्हणजे जिवाणूने झाडाच्या पेशीला आपल्याला खाता येईल असे अन्न शिजवायला लावले होते आणि त्या पाककृतीचा तपशील जिवाणूच्या वाणागणिक बदलत होता. पाककृतीच जिवाणूकडून आली असली पाहिजे, असा तर्क यातून सरळ निघतो.

तर्क निघाला तरी पुरावा निघत नाही. पाठ्यपुस्तके जे वळण पूर्णपणे गाळतात ते येथे येते. १९७४ साली सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात मेरी-डेल चिल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठींच्या डीएनएमध्ये जिवाणूचा डीएनए शोधला आणि तो सापडला नाही असे प्रसिद्ध केले. त्याआधी काही प्रयोगशाळांनी गाठीत जिवाणूचा भरपूर डीएनए असल्याचे दावे केले होते. ते या कसोटीवर टिकले नाहीत. त्याच प्रयोगशाळेने तीन वर्षांनी, १९७७ मध्ये, नेमके उलटे सिद्ध केले. विद्यार्थ्याला हे सांगितले तर तो विचारेल, मग १९७४चे चुकले का? उत्तर आहे, नाही. ते कसे, हे थोडे आकडे मांडले की कळते.

कसोटी अशी होती. जिवाणूचा डीएनए घेऊन त्याला किरणोत्सर्गी खूण करायची. तो तापवला की त्याच्या दोन साखळ्या सुट्या होतात. थंड केला की जोडीदार शोधून त्या पुन्हा जुळतात. जुळण्याचा वेग जोडीदारांच्या संख्येवर अवलंबून असतो. आता त्याच मिश्रणात गाठीचा डीएनए भरपूर घातला, आणि त्यात जिवाणूचे तेच तुकडे असले, तर जोडीदार वाढतील व खूण केलेला डीएनए अधिक वेगाने जुळेल. वेग वाढला नाही तर तुकडे नाहीत. जत्रेत मुलगा शोधायला त्याच्यासारखे कपडे घातलेली आणखी मुले सोडावीत, तसा काहीसा हा प्रकार.

ॲग्रोबॅक्टेरियमच्या एकूण डीएनएची लांबी सुमारे ५७ लाख अक्षर-जोड्या आहे. झाडात जाणारा तुकडा, ज्याला आज टी-डीएनए म्हणतात, सुमारे २० हजार जोड्यांचा. संपूर्ण जिवाणूच्या डीएनएला खूण करून प्रयोग केला तर त्यातला २० हजार भागिले ५७ लाख, म्हणजे साधारण ०.३५ टक्के भाग तेवढा वेगाने जुळणार आणि उरलेला ९९.६५ टक्के पूर्वीच्याच वेगाने. आलेखात हा फरक दिसणे शक्यच नव्हते. १९७४चा निष्कर्ष ‘जिवाणूचा डीएनए मोठ्या प्रमाणात नाही’ एवढ्यापुरता बरोबर होता. ‘अजिबात नाही’ असे म्हणायला ती कसोटी पुरेशी तीक्ष्ण नव्हती.

त्याच वर्षी बेल्जियममध्ये गेंट येथे झानेन, व्हान लारबेके, शेल व व्हान मोंटाग्यू यांनी दाखवले, की गाठ आणणाऱ्या वाणांत एक मोठे प्लाझ्मिड असते आणि निरुपद्रवी वाणांत ते नसते. जिवाणू ३७ अंशांच्या आसपास वाढवले की काही वाण गाठ आणण्याची शक्ती गमावतात हे आधीच माहीत होते. त्या वाणांचे प्लाझ्मिडच हरवते असे पुढे दिसले. (प्रयोगशाळेत आजही हे जिवाणू २८ अंशांवर वाढवतात.) आता शोधाचे क्षेत्र ५७ लाखांवरून प्लाझ्मिडच्या सुमारे २ लाख जोड्यांवर आले. तरीही संपूर्ण प्लाझ्मिडला खूण केली तर फार तर त्याचा दहावा हिस्सा वेग घेणार, आणि तेवढा फरक प्रयोगातील चुकीत सहज हरवतो. चिल्टन यांच्या गटाने मग प्लाझ्मिड विकराने कापले, तुकडे आकारानुसार वेगळे केले आणि एकेका तुकड्याची कसोटी घेतली. बहुतेक तुकड्यांनी काहीच दाखवले नाही. एका पट्ट्यातल्या तुकड्याचा वेग मात्र स्पष्टपणे वाढला. जिवाणूचा डीएनए झाडाच्या पेशीत जातो व राहतो हे १९७७ साली सिद्ध झाले ते असे. आकृतीतल्या त्या साध्या बाणाची किंमत एवढी आहे.

तो बाण कसा चालतो याचे रेणवीय तपशील आता बरेच कळले आहेत. त्यांतले दोनच येथे घेतो, कारण त्यांच्यावर पुढचे सर्व उभे आहे. जखमी झाडातून झिरपणारी फिनॉल वर्गातील संयुगे जिवाणूला जाग आणतात आणि त्याच्या प्लाझ्मिडवरची ‘व्हिर’ नावाची जनुके कामाला लागतात. ही जनुके टी-डीएनएच्या बाहेर आहेत. त्यांनी बनवलेली प्रथिने टी-डीएनएच्या दोन टोकांवरील २५ जोड्यांच्या खुणा ओळखतात, तेथे एक साखळी कापतात, ती सोडवून झाडाच्या पेशीत व केंद्रकात पोचवतात. या दोन खुणांच्या मध्ये काय लिहिले आहे ते कोणी वाचत नाही. टपालवाला पाकीट उघडत नाही, तसेच. म्हणून मधला मजकूर बदलता येतो, आणि वाहक यंत्रणा टी-डीएनएच्या बाहेर असल्याने ती वेगळ्या प्लाझ्मिडवर ठेवली तरी चालते. १९८३ मध्ये हॉलंडमधील लायडन येथील गटाने हे दुसरे दाखवले. आज वापरात असलेली बहुतेक वाहक प्लाझ्मिडे याच दोन-प्लाझ्मिड पद्धतीची आहेत.

दुसरा तपशील मजकुराचा. नैसर्गिक टी-डीएनएवर ओपाइन बनवणारे जनुक असते आणि ऑक्सिन व सायटोकायनिन ही संप्रेरके बनवणारी जनुके असतात. ब्राउन यांच्या ऊतीला बाहेरून संप्रेरक का लागत नव्हते याचा उलगडा येथे होतो. ‘रोगकारक जनुके काढून टाकली’ असे पुस्तकात येते तेव्हा वाचणाऱ्याला ते सुरक्षिततेसाठी केले असे वाटते. खरे कारण अधिक व्यवहारी आहे. संप्रेरकांचा तोल स्वतःच बिघडवणाऱ्या पेशीपासून गाठ होते, रोपटे होत नाही. काचपात्रात प्रथम कोंब व मग मुळे आणायची तर संप्रेरकांचा तोल आपल्या हाती हवा. ती जनुके काढल्याशिवाय जनुकांतरित गाठ मिळाली असती, जनुकांतरित झाड नव्हे.

आणि आणखी एक बारकावा, जो मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत सुंदर वाटतो. जिवाणूचे सर्वसाधारण जनुक झाडाच्या केंद्रकात नेऊन ठेवले तर ते मुके राहते, कारण जनुक ‘कोठून वाचायचे’ हे सांगणारा त्याच्या पुढचा भाग, म्हणजे प्रवर्तक, झाडाला कळत नाही. टी-डीएनएवरची जनुके जिवाणूत असूनही त्यांचे प्रवर्तक झाडाच्या लिपीत आहेत. पत्र आपल्याकडे ठेवायचे पण लिहायचे ते वाचणाऱ्याच्या भाषेत, हे जिवाणूने आधीच करून ठेवले होते. १९८३च्या जानेवारीत मायामी येथील परिषदेत तीन गटांनी झाडाच्या पेशीत परके जनुक काम करू लागल्याचे सांगितले. त्यांची युक्ती हीच होती. नोपालिन बनवणाऱ्या जनुकाचा प्रवर्तक कापून तो कॅनामायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या जिवाणू-जनुकापुढे जोडला, आणि त्या पेशी कॅनामायसिनमध्ये जगल्या.

आता ‘अभियंता’ शब्दावरचा मुख्य आक्षेप. टी-डीएनए झाडाच्या कोणत्या गुणसूत्रावर, कोणत्या जागी, किती प्रतींत बसेल हे जिवाणू ठरवत नाही व प्रयोग करणाराही ठरवत नाही. तंबाखूच्या पानाचा नेहमीचा प्रयोग घेऊ. पंचने पाडावीत तशा पानाच्या चकत्या कापायच्या. कापलेली कड हीच जखम. त्या जिवाणूच्या द्रवात बुडवून दोन दिवस माध्यमावर ठेवायच्या. मग सेफोटॅक्सिम घातलेल्या माध्यमावर हलवायच्या. हे प्रतिजैविक जिवाणू मारते, झाडाच्या पेशींना सोसते. त्याच माध्यमात लिटरला सुमारे १०० मिलिग्रॅम कॅनामायसिन असते, म्हणजे ज्या पेशींत जनुक गेले त्याच वाढाव्यात. तीन-चार आठवड्यांत कडेवर हिरवे कोंब दिसतात. येथे विद्यार्थी टाळ्या वाजवतात. काम मात्र येथून सुरू होते.

काही कोंब शेजारच्या पेशींच्या आडोशाने कॅनामायसिनमधून निसटलेले असतात. ते तोडून पुन्हा कॅनामायसिनवर मुळे धरायला लावले की त्यांतले बरेच उघडे पडतात. उरलेल्यांत जनुक आहे का हे पाहायला डीएनएची चाचणी घेतली आणि ती होकारार्थी आली तरी थांबावे लागते. सेफोटॅक्सिममधून वाचलेले थोडे जिवाणू ऊतीत दडून बसलेले असतात, आणि तेच जनुक त्यांच्याकडेही असते. फसवणूक ओळखण्याचा सोपा उपाय असा, की त्याच नमुन्यात व्हिर जनुकाचीही चाचणी घ्यावी. व्हिर जनुके झाडात जात नाहीत. ती सापडली तर आपण झाड तपासत नसून जिवाणू तपासत आहोत.

यातून पार पडलेल्या झाडांचे स्वपरागित बी घेऊन ते कॅनामायसिनवर पेरायचे. समजा, तीन झाडांचे प्रत्येकी २०० बी पेरले. पहिल्याची १४९ रोपे हिरवी राहिली व ५१ पांढरी पडली. हे ३:१ झाले. जनुक एकाच ठिकाणी बसले आहे. दुसऱ्याची १८८ हिरवी व १२ पांढरी. हे १५:१च्या जवळ आहे, म्हणजे दोन स्वतंत्र ठिकाणी. तिसऱ्याची सर्व पांढरी. तेथे जनुक पुढच्या पिढीत गेलेच नाही, कदाचित नव्हतेच. मेंडेलच्या वाटाण्यांचे गणित येथे परीक्षेच्या पलीकडे कामाला येते. तरी ते सर्व सांगत नाही. एकाच ठिकाणी दोन-तीन प्रती लागोपाठ बसल्या असतील तरीही गुणोत्तर ३:१च येते, आणि अशा प्रती काही वेळा पुढे मुक्या होतात. त्यासाठी डीएनए कापून प्रती मोजाव्या लागतात. प्रती एकेकच असलेल्या दोन झाडांतही जनुकाचे काम कमी-अधिक असते, कारण शेजार वेगळा असतो. म्हणून एकाच प्लाझ्मिडपासून शेकडो झाडे करायची व त्यांतून एखाद-दुसरे निवडायचे, ही या क्षेत्राची रीत आहे. निवडलेल्या एका झाडाला ‘इव्हेंट’ म्हणतात, आणि परवानगी दिली जाते ती जनुकाला नव्हे, त्या इव्हेंटला.

जागा आपल्या हातात नसते याचा एक फायदाही आहे. टी-डीएनए व झाडाचा डीएनए जेथे जुळतात तो सांधा प्रत्येक इव्हेंटमध्ये वेगळा असतो, त्यामुळे तो बोटाच्या ठशासारखा वापरता येतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे ‘बिकानेरी नरमा’ हे सार्वजनिक क्षेत्रातील बीटी वाण २००९ साली शेतकऱ्यांपर्यंत पोचले. त्यात मॉन्सँटोच्या ‘एमओएन ५३१’ या इव्हेंटची ओळख सापडल्याने ते वादात अडकले व बीजोत्पादन थांबले. दोन्हींत क्राय१एसी याच नावाचे जनुक असल्याने नुसते जनुक सापडणे निर्णायक नव्हते. असा प्रश्न सांध्यापाशी सुटतो.

बीटी कापसाचा उल्लेख आलाच आहे, तर आणखी एक दुरुस्ती. भारतात २००२ साली परवानगी मिळालेला ‘एमओएन ५३१’ हा इव्हेंट ॲग्रोबॅक्टेरियमच्या मदतीने केलेला आहे, तोही ‘कोकर ३१२’ या अमेरिकी वाणात. आपल्याकडील संकरित वाणांत तो नेहमीच्या संकराने आणला गेला. परंतु २००६ पासून आलेल्या दोन जनुकांच्या कापसात दुसरे जनुक जनुक-बंदुकीने, म्हणजे धातूच्या सूक्ष्म कणांवर डीएनए चिकटवून, घातलेले आहे. त्यामुळे ‘बीटी कापूस ॲग्रोबॅक्टेरियमने तयार करतात’ हे परीक्षेतले विधान अर्धेच खरे आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतात उभ्या असलेल्या पिकाविषयी तरी ते पूर्ण सांगितले जावे.

राहिला ‘निसर्गाचा’ हा शब्द. त्याला आधार आहे, आणि तो उपासाच्या ताटातच आहे. २०१५ साली गेंट विद्यापीठ व पेरू येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र यांच्या संशोधकांनी लागवडीच्या रताळ्यांचे २९१ नमुने तपासले. सर्वच्या सर्व नमुन्यांत ॲग्रोबॅक्टेरियमचा टी-डीएनए सापडला. तपासलेल्या जवळच्या रानटी भाईबंदांत तो नव्हता. त्यावरची जनुके रताळ्यात वाचलीही जातात. म्हणजे कोणा माणसाच्या हाताशिवाय जिवाणूची जनुके एका पिकात बसली आणि हजारो वर्षे माणसाच्या पोटात जात राहिली.

हे कळल्यावर जनुकांतरित पिकांच्या वादात रताळे पुढे करण्याचा मोह होतो, आणि काही लेखांत ते झालेही आहे: निसर्गच हे करतो, मग हरकत कशाची? या युक्तिवादाचा जेवढा भाग टिकतो तेवढाच घ्यावा. जिवाणूचा डीएनए झाडात जाणे ही प्रयोगशाळेतली विकृती आहे असे म्हणणाऱ्याला रताळे हे पुरेसे उत्तर आहे. मात्र एखाद्या विशिष्ट वांग्यात वा मोहरीत बसवलेले विशिष्ट जनुक खाण्यास, शेजारच्या पिकास वा किडींच्या प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने कसे ठरेल, याविषयी रताळे काहीच सांगत नाही. रताळ्यातला टी-डीएनए हा एक इव्हेंट होता; तो तपासायला माणसाला हजारो पिढ्या मिळाल्या. उलट बाजूने, ‘जंतूचे जनुक’ म्हणून भीती घालणाऱ्यालाही तेच विचारावे: कोणते जनुक, कोणत्या जागी, किती प्रतींत, आणि पानात किती प्रथिन बनते? दोन्ही बाजूंना हे चार प्रश्न गैरसोयीचे वाटतात असा माझा अनुभव आहे.

ज्या शिक्षकांना हा धडा एका तासात उरकावा लागतो त्यांनी आकृती फळ्यावर काढण्याआधी दहा मिनिटे सदाफुलीला द्यावीत. चार कुंड्या काढाव्यात, त्यांखाली १, दीड, २ व ४ दिवस असे लिहावे, जिवाणू मेले हे सांगावे, आणि कोणत्या कुंडीत किती मोठी गाठ आली ते दाखवून विचारावे, की जिवाणू नसताना गाठ कशी वाढली. कोणी ‘विष राहिले असेल’ म्हणेल. ते उत्तर चांगले आहे. मग ब्राउन व व्हाइट यांची काचपात्रातली ऊती पुढे करावी आणि विचारावे, की विभाजनागणिक विष पातळ का झाले नाही.